एकशे एकतीस कुलपं

मनहरभाईंनी लिहिलेल्या गोषवाऱ्यात पहिल्या अकरा ओळी तापी नदीवर होत्या. नदीनंतर सुरत बंदराचा इतिहास, मग संस्थेच्या अध्यक्षांचे आभार, मग अध्यक्षांच्या थोरल्या बंधूंचे आभार. पाणी पस्तिसाव्या ओळीला आलं. आणि आमचा अहवाल होता पाण्याचा!

मी त्या संस्थेत तक्ते करायचे. गावोगाव, वस्त्यावस्त्यांत फिरून लोकांना प्रश्न विचारायचे, त्याची गणितं मांडायची आणि ज्यांनी काम दिलं त्यांना अहवाल द्यायचा, हा संस्थेचा धंदा. मनहरभाई संचालक. माणूस वाईट नव्हता, विद्वान होता, आणि विद्वानांची सगळी दुखणी त्याला होती. आम्ही बोलायचो गुजरातीत, पण इथं मराठीतच सांगते.

"चंद्राबेन," ते म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी पाणी समितीची बैठक आहे. हे पान नीट टाइप करा. पुढं एकशे चौऱ्याऐंशी पानं आहेत, पण समितीचा माणूस वाचणार हे एकच. उभ्याउभ्या वाचेल, चहा पिता पिता. दुसरं पान तो उलटतसुद्धा नाही."

"मग त्याला नदी कशाला पाजताय?" मी म्हणाले.

माझी जीभ अशीच आहे. सासरी आल्यावर पहिल्याच महिन्यात सासूनं सांगितलं होतं, की पोरी, तुझ्या तोंडाला झाकण नाही. पण मनहरभाईंना वादाची सवय होती. ते हसले आणि म्हणाले, "मग तुम्ही लिहा. उद्या दाखवा."

मी कागद घेतला. एकोणीसशे त्र्याहत्तरची गोष्ट, जुलैची बारा तारीख, गुरुवार.

काय ठरायचं होतं ते सांगते. नवागामच्या बाजूला मागकामगारांची एक वसाहत होती, चारशे बारा खोल्यांची. निम्म्याहून जास्त खानदेशी. तिथं पाण्याचे नळ चार. समितीचा नियम साधा होता: अडीचशे माणसांमागे एक नळ. माणसं जास्त निघाली तर नवे नळ, नाही निघाली तर जुन्यांनाच नव्या चकत्या बसवून काम भागवायचं. ते ठरवायला समितीनं आम्हाला मोजणीचं काम दिलं होतं. आणि त्या वसाहतीत, खोली नंबर दोनशे सात, तिथं मी राहत होते. मी, नवरा सुकदेव आणि सासू चंपाबाई. पहाटे चारला हंडा रांगेत ठेवायचा आणि सहाला पाणी आणायचं, हे आमच्या घरात सासू करायची, कारण मला आठच्या बसनं ऑफिस गाठायचं असायचं. तिचे गुडघे गेले होते. तेव्हा मला या अहवालात रस होता, हे मी लपवत नाही.

गोषवारा लिहायचं मला मनहरभाईंनीच शिकवलं होतं. त्यांचं शिकवणं खरंच चांगलं असायचं, फक्त स्वतः लिहायला बसले की ते विसरायचे. पहिल्या ओळीत उत्तर. मग त्या उत्तराला टेकू देणारे दोनतीन आकडे, पंचवीस नाही. मग हे आकडे आले कसे: कधी गेलो, किती जणांकडे गेलो, किती जण भेटले, कुणाला विचारलं. मग आपल्याला काय कळलेलं नाही, तेही. आणि अहवालात नाही असं अक्षरही त्या पानावर यायचं नाही.

मी अहवाल उघडला आणि उत्तर शोधलं. ते पान एक्क्याण्णववर होतं. वसाहतीतल्या चारशे बारा खोल्यांपैकी एकशे एकतीस खोल्या रिकाम्या, म्हणजे शेकडा बत्तीस. राहती माणसं आठशे एकाहत्तर, खोलीमागं तीन पूर्णांक एक. पाण्यासाठी थांबायला सरासरी एकोणीस मिनिटं. अडीचशेला एक या मापानं चार नळ पुरेसे आहेत.

मी ते वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. एकोणीस मिनिटं? आमच्या नळावर? एकोणीस मिनिटांत तिथं भांडण सुद्धा संपत नाही. आणि रिकाम्या खोल्या कुठल्या? खोलीसाठी लोक पुढच्या माणसाच्या मरणाची वाट बघत होते आणि हा अहवाल म्हणतो, दर तिसरी खोली रिकामी!

पण हे आकडे छापले कुणी? तक्ते कुणी केले? मी केले होते. माझ्याच हातची सही होती तक्त्याखाली. मे महिन्यात, एका आठवड्यात, मान वर न करता.

तेव्हा म्हटलं, थांब बाई, आधी पद्धत लिहून काढ, बाकी मग. कधी गेलो? तीस एप्रिल ते अकरा मे. मी ती तारीख गोषवाऱ्याच्या कागदावर लिहिली. लिहिली, आणि तिच्याकडे बघत बसले. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. मी उठून मेचं पान काढून पाहिलं. पाच मे, लाल अक्षरात: अखात्रीज.

आखाजी.

गुजरातेत अखात्रीज, म्हणजे अक्षय्य तृतीया, एकच दिवस. मुहूर्त चांगला, सोनं घ्या, नवं काम सुरू करा, दुसऱ्या दिवशी संपलं. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे लेकी माहेरी जायचे दिवस. झोके बांधायचे, गाणी म्हणायची, आंब्याचा रस ओरपायचा, आणि आईच्या घरी आठपंधरा दिवस कुणाचा हंडा भरायचा नाही. त्यात शाळांना सुट्टी आणि गावाकडं लग्नं. आमची माणसं बौद्ध झाली, सण सोडले म्हणतात, पण माहेर कोण सोडतं? मी स्वतः रजा घेऊन गेले होते. संस्था जेव्हा वसाहतीत फिरत होती, तेव्हा तिचे तक्ते करणारी बाई अमळनेरच्या बाजूला आईच्या ओसरीवर आंबे चोखत होती.

मी कपाटातून मूळ फॉर्म काढले. गठ्ठे सुतळीनं बांधलेले होते, खोली नंबराच्या क्रमानं. दोनशे सात काढला. तो फॉर्म भटूनं भरलेला होता. भटू आमचा फिरता तपासनीस, चाळिशीचा, शिरपूरकडचा, अक्षर मोत्यासारखं. 'खोलीची स्थिती' या रकान्यात त्यानं दोनचा आकडा लिहिला होता: कुलूप. आणि समासात, बारीक अक्षरात: "शेजारी सांगतात, सून आखाजीला माहेरी, सासू पुतणीच्या लग्नाला. नवरा कामावर. सून सर्व्हे ऑफिसात नोकरीला आहे."

मी तसे सगळे फॉर्म चाळले. कुलूप, आखाजी. कुलूप, गावी लग्न. कुलूप, दिवसपाळी. भटूनं प्रत्येक समासात लिहून ठेवलं होतं.

आणि मी काय केलं होतं? आमच्याकडं एक म्हणजे राहती, दोन म्हणजे कुलूप, तीन म्हणजे रिकामी; आणि तीन तर भटूनं एकदाही लिहिला नव्हता. मे महिन्यात मनहरभाई म्हणाले होते, रकाने फार होतात, दोन आणि तीन एकत्र धरा, वर 'न राहती' असं लिहा. मी 'हो' म्हणाले. समास वाचायचा नाही, आकडा उचलायचा, हेच आमचं काम असं मला वाटायचं. पुढं अहवाल लिहिताना 'न राहती'ची 'रिकामी' झाली. असं करत करत मी माझी सासू, माझा नवरा आणि मी, तिघांनाही त्या वसाहतीतून काढून टाकलं होतं. स्वतःच्या हातानं, निळ्या शाईनं.

राग आला. मनहरभाईंचा आला, पण त्याआधी माझा आला. मी तो फॉर्म पर्समध्ये टाकला आणि घरी गेले.

सासूला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. आधी तिला कळेना. मग कळलं तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं.

"आपली खोली रिकामी शे?" ती म्हणाली. "मंग मी काय भूत शे? तुन्हा साहेबले इचार, पहाटे चारले हंडा भूत भरस का?"

सुकदेव हसायला लागला. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मी मनहरभाईंच्या टेबलावर फॉर्म ठेवला.

"ही खोली आपल्या अहवालात रिकामी आहे," मी म्हणाले. "काल रात्री मी तिथं झोपले होते."

त्यांनी फॉर्म वाचला. समास वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग विद्वान माणूस जे करतो तेच त्यांनी केलं.

"एका खोलीनं सरासरी बदलत नाही, चंद्राबेन."

"एकशे एकतीस आहेत."

"सगळ्या तशाच कशावरून?"

"सगळ्या रिकाम्याच कशावरून?"

ते म्हणाले, "पण अखात्रीज तर एक दिवसाची असते."

"तुमची. आमची पंधरा दिवसांची असते. आणि हे या ऑफिसात दोघांना माहीत होतं. एकानं समासात लिहिलं, ते कुणी वाचलं नाही. दुसरी रजेवर गेली होती, रजेच्या अर्जावर कारण लिहून. अर्ज तुम्हीच मंजूर केलाय."

हे जरा जास्त झालं. त्यांचा चेहरा लाल झाला. "आवाज खाली," ते म्हणाले. "अहवाल छापून झालाय. चाळीस प्रती बाइंडिंगला जायच्या आहेत. आता काय करायचं? बैठक पुढच्या शुक्रवारी. पद्धत सगळी परिशिष्टात आहे, तारखाही तिथं आहेत. आपण काही लपवलेलं नाही."

"परिशिष्ट एकशे सत्तरव्या पानावर आहे. तुम्हीच म्हणालात, तो दुसरं पान उलटत नाही."

"गोषवाऱ्यात पद्धत कोण वाचतं?"

"जो वाचतो त्याला ती तिथं नसली तर कळणार कसं, की आम्ही आखाजीत मोजलंय?"

आम्ही अर्धा तास भांडलो. त्यांचं एक म्हणणं मात्र बरोबर होतं आणि ते मी कबूल करते: गोषवाऱ्यात अहवालाबाहेरचा आकडा घालता येत नाही. मला वाटलं म्हणून मी 'रिकाम्या नाहीत' लिहिलं, तर ती माझी तक्रार झाली, मोजणी नाही. राग खरा असला तरी तो तक्त्यात बसत नाही.

"मग मोजू या," मी म्हणाले. "एकशे एकतीस दारं. दोनच प्रश्न. खोलीत किती माणसं राहतात, आणि काल पाण्याला किती वेळ थांबलात. रविवारी होईल. अहवालात पान ब्याण्णव-अ म्हणून पुरवणी घालू. बाइंडिंगला सोमवारी पाठवा."

"माणसं कुठून आणणार?"

"भटू आणि मी. आणि तुम्ही आलात तर तीन."

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. आणि ते आलेही नाहीत.

रविवारी सकाळी सहाला मी आणि भटू निघालो. सकाळी सहा ते दहा आणि पुन्हा संध्याकाळी सहानंतर, म्हणजे दोन्ही पाळ्यांची माणसं सापडतील. रस्ताभर मी भटूवर तोंड सोडलं होतं. "अहो, समासात लिहिलंत, तर तोंडानं सांगायचं नाही का?"

भटू शांत माणूस. "ताई," तो म्हणाला, "मी एकशे एकतीस वेळा सांगितलं. तक्ते तुम्ही करतात."

मी पुढची दोन दारं त्याच्याशी बोललेच नाही.

दारं उघडी होती. हेच सगळ्यात संतापाचं. जिथं कुलूप लिहिलं होतं तिथं चुली पेटलेल्या, पोरं रडतायत, एका खाटेवर रात्रपाळीचे दोघं झोपलेले. दोनशे चौदामध्ये कलाबाई नावाची बाई होती, सहा पोरांची आई. तिला मी प्रश्न विचारला आणि तिनं मलाच विचारलं, "आठव्या महिन्यातलं पोट घेऊन दोन हंडे आणस मी. नळ कधी येई ते सांग ना." मी म्हणाले, सांगता येत नाही, आम्ही फक्त मोजतो. ती म्हणाली, "मोजा, मोजा," आणि दाराआड गेली. तिच्या आवाजात इतका तिरस्कार होता, की मी तो फॉर्मवर कुठल्या रकान्यात लिहू ते मला कळेना. मी समासात लिहिला.

रात्री आठपर्यंत काम संपलं. एकशे एकतीसपैकी एकशे बावीस खोल्यांत माणसं राहत होती. खरोखर रिकाम्या फक्त नऊ. एकशे बावीस खोल्यांत सातशे आठ माणसं, म्हणजे खोलीमागं जवळजवळ सहा. पाण्याला थांबायची सरासरी पंचावन्न मिनिटं, आणि ही उत्तरं बायकांनी दिलेली होती. मे महिन्यात दोनशे एक्क्याऐंशी खोल्यांत उत्तरं मिळाली, त्यातली दोनशे सहा पुरुषांनी दिली होती. जो कधी रांगेत उभा राहिला नाही त्याला विचारायचं, रांग किती लांब! तो सांगणारच एकोणीस.

सोमवारी मी पान टाइप केलं. स्टेन्सिलवर शेहेचाळीस ओळी बसतात. ते असं सुरू होतं:

"नवागामजवळच्या वसाहतीला चार नळ पुरत नाहीत, समितीच्या मापानं किमान सात लागतील. वसाहतीत किमान १५७९ माणसं राहतात, म्हणजे आज एका नळामागं ३९५. पुरवणी भेटीतल्या १२२ खोल्यांत पाण्यासाठी थांबायला सरासरी ५५ मिनिटं लागतात."

त्याखाली पद्धत:

"३० एप्रिल ते ११ मे १९७३ या काळात सर्व ४१२ खोल्यांना दिवसा भेट दिली. २८१ खोल्यांत उत्तर मिळालं, त्यांपैकी २०६ ठिकाणी ते पुरुषांनी दिलं. १३१ खोल्यांना कुलूप होतं. हा आखाजीचा काळ असून खानदेशी कुटुंबांतल्या बायका-मुलं तेव्हा गावी जातात. तक्ते करताना ही कुलपं चुकून रिकाम्या खोल्यांत धरली गेली. १५ जुलैला त्या १३१ खोल्यांना सकाळ-संध्याकाळ पुन्हा भेट दिली: १२२ राहत्या, ९ रिकाम्या (पान ९२-अ)."

आणि शेवटी: "बाकीच्या २८१ खोल्यांत पुन्हा विचारलेलं नाही. तिथलीही काही माणसं मे महिन्यात गावी असणार, म्हणून १५७९ हा आकडा कमीत कमी समजावा. पान ९१ वरचा निष्कर्ष या पानानं रद्द होतो."

मनहरभाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांना आवडलं, ते मला दिसलं. चांगलं पान कळायची अक्कल त्यांना होती. पण मग त्यांनी लाल पेन्सिल उचलली.

"'चुकून' हा शब्द काढा," ते म्हणाले. "संस्थेची चूक समितीपुढं कशाला? आणि आखाजीची ओळ काढा, ती घरगुती वाटते. त्या जागी अध्यक्षांचे आभार येतील. पाच ओळी पुरतील."

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "पाहिजे तर माझं नाव घाला. शब्द नाही काढणार."

"आणि आभार?"

"जागा नाही."

"मग दुसऱ्या पानावर घ्या."

"दुसरं पान तो उलटत नाही," मी म्हणाले. "तुमचंच वाक्य. तेव्हा ठरवा. या पानावर आखाजी राहील, नाहीतर अध्यक्षांचे थोरले बंधू राहतील. आखाजी काढली तर वाचणाऱ्याला कळणार नाही, की एकशे एकतीस कुलपं का होती. मग तो विचारेल, मे महिन्यात रिकाम्या आणि जुलैत भरलेल्या कशा? लोकांनी नळासाठी माणसं आणून बसवली काय? असंच म्हणतील, मनहरभाई. आमच्याबद्दल असंच म्हणतात."

माझा आवाज फाटला तेव्हा. रडले नाही, पण फाटला. बाहेर शिपाई दारात येऊन उभा राहिला होता.

मनहरभाईंनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "बंधूंना मी तोंडी सांगेन," आणि पानावर सही केली.

शुक्रवारी तक्ते धरायला मला सोबत नेलं. समितीचे इंजिनिअर छगनभाई खरंच उभ्याउभ्या वाचत होते, एका हातात बशी. अहवालाचा जाडजूड गठ्ठा त्यांनी उचलून बाजूला ठेवला आणि पान घेतलं. मी त्यांच्या डोळ्यांकडं बघत होते. डोळे पहिल्या ओळीवर थांबले, मग भराभर खाली आले आणि पद्धतीवर पुन्हा थांबले.

"हे काय, चूक स्वतःच लिहिलीत?" त्यांनी मनहरभाईंना विचारलं.

"आमच्या संस्थेची तशी पद्धत आहे," मनहरभाई म्हणाले. अगदी सहज, जन्मभर तसंच करत आल्यासारखे. तक्ता माझ्या हातात होता म्हणून, नाहीतर काय केलं असतं सांगता येत नाही.

"पंधरा जुलैला कोण गेलं होतं?"

"मी," मी म्हणाले. "आणि आमचे भटूभाई. दोनशे सात नंबर माझीच खोली आहे. मेमध्ये तिलाही कुलूप होतं."

छगनभाईंनी बशी खाली ठेवली. पुन्हा एकदा शेवटचा परिच्छेद वाचला. "कमीत कमी, म्हणजे सातही कमीच पडणार," ते म्हणाले. "सात तर द्यावेच लागतील. आठव्याचं बघू." त्यांनी पानावरच शेरा मारला. बैठकीत ते पान अकरा मिनिटं होतं, मी घड्याळ बघितलं. एकशे चौऱ्याऐंशी पानं कुणी उघडली नाहीत.

तीन नळ डिसेंबरात आले. आठवा आला नाही. सासू आता पहाटे पाचला हंडा ठेवायची, चारला नाही. हेच काय ते मिळालं. एक तासाची झोप.

पुढच्या मार्चमध्ये मनहरभाईंनी मला बोलावलं. खुशीत होते. बमरोलीच्या गिरणीकामगारांच्या घरांची पाहणी मिळाली होती. त्यांनी कामाचा आदेश पुढं केला. मी वाचला. घरोघर भेटी: बावीस एप्रिल ते तीन मे.

मी भिंतीवरच्या नव्या कॅलेंडरकडं बघितलं. लाल अक्षर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातच होतं.

"मनहरभाई," मी म्हणाले, "आखाजी."

"हो, हो, लक्षात आहे," ते म्हणाले. "तेव्हाच कॉलेजच्या पोरांना सुट्टी असते, तपासनीस स्वस्तात मिळतात. गोषवाऱ्यात ती ओळ घालू ना. तुम्ही छान लिहिता ती ओळ."

सासूचे गुडघे, कलाबाईचं पोट, रविवारची एकशे एकतीस दारं, या सगळ्यातून या माणसाच्या हाती काय लागलं, तर एक छान ओळ. आधी सांगितलं की चूक माफ. वर्षावर्षाला बायकांना वगळायचं आणि खाली कबुली लिहायची, की आम्ही बायकांना वगळलंय!

मी खिळ्यावरून कॅलेंडर काढलं आणि त्यांच्या आदेशावर ठेवलं. मग खुर्ची ओढून समोर बसले. आजवर त्यांच्यासमोर मी कधी बसले नव्हते.

"ओळ नाही लिहिणार," मी म्हणाले. "तारीख बदला."

ते म्हणाले, विचार करतो. मी म्हणाले, करा, मी बसते. ते फाइल वाचायला लागले. शिपाई चहा घेऊन आला, एकच कप, तो बघून परत गेला. मला अकराचं टपाल बघायचं होतं, टाइपरायटर उघडा पडला होता, दोनदा कुणीतरी मला हाक मारली. मी हलले नाही.

पावणेबाराला मनहरभाईंनी पेन उघडलं, बावीस एप्रिल खोडलं आणि सतरा जून लिहिलं. मी कॅलेंडर परत खिळ्याला लावलं आणि आखाजीच्या रजेचा अर्ज लिहायला गेले.